पाऊस आधी आला, बिलं मागे राहिली

२०२५च्या मे महिन्यात मराठवाड्यातले कूलरवाले सकाळी आधी आभाळ पाहत आणि मग शटर वर करत. कूलरचा धंदा पाडव्याच्या सुमाराला सुरू होतो, एप्रिलमध्ये तापतो आणि मेमधल्या तीन आठवड्यांत वर्षाचा नफा देऊन जातो. त्या वर्षी मे महिना वळवाच्या सरींत भिजला. मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला पोचतो, तो २६ मेलाच हजर झाला. ज्यांना कूलर घ्यायचा होता त्यांनी जुना पंखा पुसून घेतला आणि पैसे बियाण्याला ठेवले. दुकानदाराकडे माल पडून राहिला आणि त्या मालाची बिलं मात्र आपापल्या तारखेला देणं झाली.

अशा वेळी कारखानदाराला लिहायचं पत्र ही बहुतेकांना लाजेची गोष्ट वाटते. म्हणून ते लिहिलंच जात नाही, किंवा लिहिलं तर त्यात पावसाचं वर्णन आणि 'सांभाळून घ्या' एवढंच असतं. खरं तर अशा पत्रात हिशोब असावा लागतो, आणि तो कसा असावा हे एका उदाहरणावरून पाहू. दुकान आणि त्याचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. पाऊस, सणांच्या तारखा आणि कायदे खरे आहेत.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एक इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, बल्ब, पंखे, मोटारीचे स्टार्टर हा बारमाही माल आणि उन्हाळ्यात कूलर. कूलर येतात अकोल्याच्या एका छोट्या कारखान्यातून. पत्र्याची बॉडी तिथेच तयार होते. मोटार, पंप आणि बाजूच्या जाळीतलं गवत बाहेरून आणून जोडतात. एक कूलर दुकानदाराला सरासरी ५,००० रुपये अधिक ९०० रुपये जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपयांना पडतो. ऑर्डर फॉर्मवर ४५ दिवसांची उधारी लिहिलेली आहे.

हंगामात त्याने तीन वेळा माल घेतला. १२ मार्चला ४० नग, ८ एप्रिलला ५० आणि २५ एप्रिलला ३०. पहिलं बिल २,३६,००० रुपयांचं होतं, ते त्याने २५ एप्रिलला, म्हणजे ४४व्या दिवशी पूर्ण चुकतं केलं. दुसरं २,९५,००० रुपयांचं. त्यातले ७५,००० त्याने २० मेला पाठवले. तिसऱ्या १,७७,००० रुपयांच्या बिलाला अजून हात लागलेला नाही. देणं राहिलं ३,९७,००० रुपये.

आता हाच आकडा अकोल्याच्या बाजूने पाहा. कारखानदार चौकशी करणार, किती नग गेले? ७० गेले, ५० गोडाऊनमध्ये आहेत. तो मनातल्या मनात गुणाकार करतो. ७० नगांची त्याची किंमत ४,१३,०००; हातात आले ३,११,०००. म्हणजे विकून झालेल्या मालाचे १,०२,००० रुपये दुकानदाराने दुसरीकडे वापरले. उरलेले २,९५,००० मात्र खरोखर गोडाऊनमध्ये पत्र्याच्या रूपात उभे आहेत.

या दोन आकड्यांकडे कारखानदार सारख्या नजरेने पाहत नाही. न विकलेल्या मालाबद्दल तो समजून घेतो, कारण त्याच्याही शेडमध्ये तयार कूलर उभे आहेत आणि पत्रेवाला त्याच्याही मागे लागलेला आहे. विकलेल्या मालाचे पैसे कुठे गेले, हे मात्र त्याला खटकतं. मुदत मागणारी बहुतेक पत्रं इथेच फसतात. ती सगळी रक्कम एकाच पिशवीत टाकतात आणि पावसाच्या नावावर खपवतात. वाचणारा तो एक लाख वेगळा काढतोच. फक्त तो आपल्याला न सांगता काढतो, आणि पुढच्या हंगामात माल देताना हात आखडतो.

म्हणून हा दुकानदार तो लाख स्वतःच वेगळा काढतो. दुसरी गोष्ट तो वेळेची करतो. दुसऱ्या बिलाचे ४५ दिवस २३ मेला संपतात आणि तो २१ तारखेलाच लिहितो. आदल्या दिवशी ७५,००० पाठवलेले असल्यामुळे पत्राची सुरुवात मागण्याने न होता देण्याने होते. आणि लिहिण्यापूर्वी त्याने फोन केलेला आहे. फोनवर नातं सांभाळलं जातं, पण तारखा फोनवर राहत नाहीत.

पत्र असं:

दि. २१ मे २०२५

माननीय शेठजी,
स. न. वि. वि.

कालच्या फोनप्रमाणे लिहीत आहे. ७५,००० रुपये आपल्या बँक खात्यात जमा केले आहेत, ते ८ एप्रिलच्या बिलात धरावेत. त्यानंतर आमच्या वहीप्रमाणे आपलं येणं असं राहतं: ८ एप्रिलचं बिल, बाकी २,२०,००० रुपये, २५ एप्रिलचं बिल, १,७७,००० रुपये, एकूण ३,९७,००० रुपये. आपल्या खात्याशी हे जुळत नसेल तर कृपया कळवावं.

या हंगामात आपल्याकडून १२० नग घेतले. आजपर्यंत ७० विकले, ५० पेटीबंद शिल्लक आहेत. विकलेल्या मालापैकी १,०२,००० रुपये आपल्याला द्यायचे राहिले आहेत. त्यातले ६२,००० गिऱ्हाइकांकडे उधारीत आहेत आणि ४०,००० दुकानाचं भाडं व पगार यांत खर्च झाले. ही रक्कम आधी देत आहे. शिल्लक माल परत घ्यावा किंवा भाव कमी करावा अशी माझी मागणी नाही.

पैसे पुढीलप्रमाणे देईन. १० जून रोजी ५२,०००, १० जुलै रोजी ५०,०००, १० ऑगस्ट रोजी २५,०००, ५ सप्टेंबर रोजी १,२०,००० आणि ३० सप्टेंबर रोजी १,५०,०००. प्रत्येक हप्ता आधी जुन्या बिलात जमा करावा. बिलाची मुदत संपल्यापासून शिल्लक रकमेवर दरमहा एक टक्का व्याज शेवटच्या हप्त्यासोबत देईन. जुलै आणि ऑगस्टच्या हप्त्यांचे चेक सोबत आहेत.

हे पैसे कूलरच्या विक्रीवर अवलंबून नाहीत. जून-जुलैचे हप्ते उधारीच्या वसुलीतून आणि वायर-पंख्यांच्या विक्रीतून, सप्टेंबरचे गौरी-गणपती आणि नवरात्राच्या लायटिंगमधून येतील. एखादी तारीख सांभाळणं कठीण दिसलं तर त्या तारखेच्या आधी कळवीन.

आपली संमती या पत्राच्या प्रतीवर सही करून किंवा मेसेजवर मिळावी, ही विनंती.

कळावे,
आपला
(सही व शिक्का)

पत्रात पाऊस नाही. अकोल्यातही तोच पाऊस पडला. कारखानदाराला तो परभणीतून कळवण्याची गरज नाही. त्याला जे माहीत नाही तेवढंच पत्रात आहे: किती माल उरला, पैसे कुठे अडकले, येणार कुठून आणि कधी.

'कुठून' हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच फसवाफसवी सोपी असते. 'कूलर विकले की देतो' असं लिहिणं म्हणजे पुढच्या मार्चचा वायदा करणं, कारण जूननंतर कूलर कुणी घेत नाही. उरलेले ५० नग मोडीत काढायचे म्हटले आणि प्रत्येकी ५,००० रुपयांना जरी गेले, तरी नगामागे ९०० प्रमाणे ४५,००० रुपयांचा फटका. आणि पावसात त्या भावालाही गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही. त्याच्या तुलनेत दरमहा एक टक्का व्याज धरून या हप्त्यांवर साधारण सव्वाअकरा हजार रुपये लागतात. व्याज देऊन माल धरून ठेवणं स्वस्त पडतं, पण देणं चुकवायला पैसा दुकानाच्या दुसऱ्या कप्प्यातून यायला हवा. ज्याच्या दुकानात कूलरशिवाय काहीच नाही त्याला हे पत्र लिहिता येणार नाही. त्याने माल परत घेण्याबद्दल बोलावं, आणि तेही मेमध्येच, जून उजाडण्याआधी.

हप्त्यांचा आकारही गावाच्या खिशाप्रमाणे ठरवला आहे. मराठवाड्यात जून-जुलैमध्ये घराघरातला पैसा बी-बियाणं आणि खतात जातो, दुकानं ओस असतात. उधारीची वसुलीही रडतखडतच होते. २०२५मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणून मोठा हप्ता ५ सप्टेंबरला. मूग-उडदाचे पैसे त्याच सुमाराला हाती येतात, सोयाबीनचे त्यानंतर. सगळे हप्ते सारखे आखले असते तर कागदावर नीटनेटके दिसले असते आणि जुलैमध्येच पहिला मोडला असता. मोडलेला हप्ता न दिलेल्या वचनापेक्षा महाग पडतो.

चेक पाचही हप्त्यांचे का दिले नाहीत? कारखानदार बहुधा मागेल. पण पुढची तारीख घातलेला चेक हा साधा कागद नसतो. तो खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला तर कारखानदार ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर चेक बाउन्सची फौजदारी तक्रार होऊ शकते. ज्या रकमा हमखास भरता येतील त्यांचेच चेक द्यावेत. सप्टेंबरचा अंदाज मेमध्ये कोण देणार?

आता या पत्राची दुसरी बाजू, जी दुकानदाराला अनेकदा ठाऊक नसते. 'आपलं येणं ३,९७,००० रुपये' असं लिहून सही केली की ती देण्याची लेखी कबुली होते. उधारीच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. १९६३च्या मुदत कायद्यातल्या १८व्या कलमानुसार अशी सही केलेली कबुली मुदत संपण्याआधी दिली तर तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागतात. म्हणून रक्कम वहीशी ताडून मगच लिहावी. मालाबद्दल काही तक्रार असेल, चार नगांचे पंप बंद निघाले असतील, तर ते त्याच पत्रात यायला हवं. नंतर ती तक्रार सबब वाटते. कारखानदाराला मात्र या कबुलीची किंमत आहे. मुदत देताना त्याच्या हातात काहीतरी पडतं, आणि चांगल्या पत्राला 'हो' मिळण्याचं ते एक न बोललेलं कारण असतं.

जुन्या बिलात जमा करावे, हे वाक्यही रिवाजाचं नाही. अनेक बिलं बाकी असताना दिलेले पैसे कोणत्या बिलात धरायचे हे देणाऱ्याने सांगायचं असतं. त्याने सांगितलं नाही तर घेणारा ठरवू शकतो. इथे ते सांगणं का गरजेचं आहे, हे जीएसटीवरून कळतं. दुकानदाराने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतलेली असते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत कारखानदाराला पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेपुरती ती वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिले की ती पुन्हा मिळते, व्याज मात्र गेलेलं असतं. ८ एप्रिलच्या बिलाचे १८० दिवस ५ ऑक्टोबरला भरतात, २५ एप्रिलच्या बिलाचे २२ ऑक्टोबरला. पत्रातल्या हप्त्यांनी पहिलं बिल ५ सप्टेंबरलाच मिटतं आणि दुसरं ३० सप्टेंबरला. 'दिवाळीनंतर देतो' हे बाजारातलं लाडकं वाक्य त्या वर्षी या हद्दीच्या पलीकडे गेलं असतं.

राहिला तो ४५ दिवसांचा कायदा. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू कारखान्यांचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. दोघांनी मिळून चार महिन्यांची मुदत लिहून घेतली तरी कायद्याची तारीख सरकत नाही. त्यानंतर कारखानदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज मागता येतं. जून २०२५मध्ये बँक रेट ५.७५ टक्के झाला, म्हणजे व्याज १७.२५ टक्के. पत्रातलं एक टक्का हे कायद्यापेक्षा कमीच आहे; कारखानदार ते मान्य करतो तो नात्यासाठी.

याच ४५ दिवसांना २०२३च्या अर्थसंकल्पाने आयकराची कडी लावली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीखर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरायची. ऐकून अनेक दुकानदार घाबरतात आणि कुणालाच मुदत मागत नाहीत. पण कडी आवळते ती ३१ मार्च ओलांडणाऱ्या बिलांवर. आपल्या दुकानदाराचं धोक्याचं बिल १२ मार्चचं होतं. ते ४४व्या दिवशी दिलं गेलं, म्हणून मार्चअखेर देणं दिसत असूनही खर्च त्याच वर्षात धरला गेला. आणखी दोन दिवस गेले असते तर पुस्तकं ठेवून नफा दाखवणाऱ्या या दुकानदाराच्या त्या वर्षाच्या नफ्यात दोन लाख रुपये उगाच मिळवले गेले असते. एप्रिलची बिलं लांबली तरी सप्टेंबरपर्यंत, म्हणजे त्याच आर्थिक वर्षात मिटतात. आयकराला त्यांच्याशी देणंघेणं नाही. हात आखडता असताना कोणतं बिल आधी द्यायचं, याचं उत्तर या दुकानदाराने एप्रिलमध्येच बरोबर दिलं होतं.

आणि हे सगळं अकोल्याचा माणूस स्वतः माल बनवतो म्हणून. तोच माल वितरकाकडून घेतला असता तर ही ४५ दिवसांची तरतूद लागू नसती. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की समोरचा बनवणारा आहे की विकणारा, हे विचारून घ्यावं.

त्या वर्षी पत्र कितीही नीट लिहिलं असतं तरी सप्टेंबरने त्याची परीक्षा घेतलीच असती. महिन्याच्या उत्तरार्धात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. आपल्या दुकानदाराचा ५ सप्टेंबरचा हप्ता गणपतीच्या माळांवर निघाला होता. ३० सप्टेंबरचे १,५०,००० मात्र निघणार नव्हते, हे त्याला २४ तारखेला दिसत होतं. त्या दिवशी जायला हवं ते दुसरं पत्र चार ओळींचं: दीड लाखांपैकी ६०,००० ठरल्या तारखेला, ९०,००० धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, व्याज त्याच दराने. या वेळी पुराचा उल्लेख करायला हरकत नाही, एका वाक्यात. आणि १८ ऑक्टोबर यासाठी, की २२ तारीख ओलांडली तर ९०,००० रुपयांत दडलेल्या पावणेचौदा हजारांच्या आसपासच्या कराची वजावट परत करायला लागते.

पहिल्या पत्रातलं 'तारखेच्या आधी कळवीन' हे वाक्य इथे वटतं. वसुलीचा माणूस दारात आल्यावर सांगितलेलं कारण आणि सहा दिवस आधी पाठवलेला मेसेज यांत पैशाचा फरक काहीच नसतो, पण पुढच्या फेब्रुवारीत माल सुटताना तो दिसतो.

अकोल्याहून येणारं उत्तरही नुसतं 'ठीक आहे' असेल अशी अपेक्षा धरू नये. साधारणपणे दोन अटी येतात. सगळं चुकतं होईपर्यंत नवा माल रोखीने, आणि पुढच्या हंगामाच्या ऑर्डरला काही आगाऊ रक्कम. पहिली अट बिनतक्रार मान्य करावी, जूनमध्ये नवा कूलर घ्यायचाच कुणाला आहे? दुसरीवर मात्र बोलावं. गोडाऊनमध्ये ५० नग असताना पुढच्या वर्षी १२० नगांची ऑर्डर जाणारच नाही, ६०-७०चीच जाईल, आणि आगाऊ रक्कम त्या प्रमाणात ठरली पाहिजे. शिवाय जुन्या पेट्या मार्चमध्ये उघडताना बाजूचं गवत बदलावं लागेल, पंप एकदा चालवून पाहावे लागतील. तो खर्च कोण सोसणार, हेही आताच विचारून ठेवावं. कारखान्यात गवताचे जुने गठ्ठे तसेच पडून असतील तर शेठ ते फुकटही देऊन टाकतील.